सतरा आणि तेवीस

‘मॅजिक: द गॅदरिंग’चा डेक पिसलेल्या गड्डीत वाचता येत नाही. तो टेबलावर मांडावा लागतो. डावीकडे एका मानाचे पत्ते, शेजारी दोनाचे, मग तीन, चार, पाच असे उभे रकाने आणि सगळ्यांच्या खाली लँडचा वेगळा ढीग. अशी मांडणी झाली की डेक रचणाऱ्याचा स्वभाव दिसू लागतो. त्याला घाई आहे का, त्याचा एखाद्या महागड्या पत्त्यावर जीव जडला आहे का, दोन रंगांपैकी एकावर त्याने अन्याय केला आहे का, हे सगळं.

खेळ न खेळलेल्यांसाठी इतकंच सांगतो. लँड म्हणजे माना देणारा पत्ता. आपल्या पाळीला हातातली एकच लँड मांडता येते, आणि मांडलेली प्रत्येक लँड दर पाळीला एक माना देते. बाकीचे सगळे पत्ते, म्हणजे प्राणी, मंत्र, शाप, हे त्या मानाच्या मोबदल्यात खेळायचे. त्यांना सोयीसाठी सरसकट स्पेल म्हणतात. चार मानाचा पत्ता चौथ्या पाळीला खेळायचा तर तोवर चार लँड हाती आलेल्या असाव्या लागतात. रिचर्ड गारफिल्डने हा खेळ १९९३ साली आणला तेव्हा तो संयोजनशास्त्र या गणिताच्या शाखेत डॉक्टरेट करत होता. या खेळात गंमत आणि छळ दोन्ही एकाच जागेतून का येतात, ते यावरून कळतं.

पहिल्या नियमांत डेक किमान चाळीस पत्त्यांचा होता. पुढे स्पर्धांसाठी साठ झाला, पण ड्राफ्टमध्ये चाळीसच राहिला. ड्राफ्टमध्ये सगळे गोल बसतात, पाकीट फोडून एक पत्ता ठेवतात आणि उरलेले शेजाऱ्याला देतात. अशी प्रत्येकी तीन पाकिटं संपली की जमलेल्या पत्त्यांतून डेक रचायचा. साध्या लँड मात्र हव्या तितक्या मिळतात, म्हणून त्या किती घ्यायच्या हा निर्णय संपूर्णपणे आपला असतो. रूढ उत्तर आहे सतरा लँड आणि तेवीस स्पेल. ते पाठ असणारे पुष्कळ भेटतात, पण सतराच का, हे विचारल्यावर गप्प होतात.

‘मॅजिक २०१०’ हा संच २००९ साली आला. त्यातल्या साध्यासुध्या पत्त्यांतून रचलेला एक हिरवा-पांढरा डेक समोर ठेवू. एका मानाच्या रकान्यात लॅनोवार एल्व्ह्ज आणि जायंट ग्रोथ. दोनाच्या रकान्यात आठ पत्ते: रूनक्लॉ बेअर, डेडली रिक्लूज, एल्व्हिश व्हिजनरी, दोन स्टॉर्मफ्रंट पेगॅसस, ब्लाइंडिंग मेज आणि दोन पॅसिफिझम. तिनाच्या रकान्यात पाच: दोन सेंटॉर कोर्सर, बॉर्डरलँड रेंजर, दोन ग्रिफिन सेंटिनेल. चाराच्या रकान्यात जायंट स्पायडर, रेझरफूट ग्रिफिन, कजेल ट्रोल, डिव्हाइन व्हर्डिक्ट. पाचाच्या रकान्यात सेरा एंजल, स्टँपीडिंग ऱ्हायनो, ओव्हररन. आणि टोकाला एकटा सहा मानाचा क्रॉ वर्म. झाले तेवीस.

या मांडणीत सगळ्यांत आधी डोळ्यात भरतो तो दोनाचा रकाना. तो सर्वांत उंच आहे, आणि उंची तिथून उजवीकडे क्रमाने उतरत जाते. या उताराला खेळाडू ‘कर्व्ह’ म्हणतात. १९९६ साली पॉल स्लाय अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत जे श्नायडरचा लाल डेक घेऊन उतरला, तेव्हापासून ही कल्पना रुजली. तो डेक दिसायला फाटका होता, पत्ते कुणी हुंगणार नाही असे. पण दर पाळीला हातातला सगळा माना खर्च होईल अशी त्याची बांधणी होती. आपल्या हिरव्या-पांढऱ्या डेकात दोनाचे पत्ते आठ असल्यामुळे दुसऱ्या पाळीला रिकामं बसायची वेळ क्वचित येईल. पाच आणि सहा मानाचे पत्ते मिळून चार. डाव लांबला तर ते डाव मारतात, आणि सुरुवातीच्या हातात एखादाच अडकून बसतो. हे प्रमाण मला सुरेख वाटतं. पाचाच्या रकान्यात आणखी दोन पत्ते घुसडण्याचा मोह इथे कुणीतरी आवरला आहे.

आता खालचा ढीग. सुरुवातीला सात पत्ते हाती येतात, आणि डावात आधी खेळणाऱ्याला पहिल्या पाळीला पत्ता ओढता येत नाही. म्हणजे चौथ्या पाळीपर्यंत त्याने दहा पत्ते पाहिलेले असतात. सतरा लँडच्या डेकात या दहांत किमान चार लँड असण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के आहे. सोळा लँड घेतल्या तर ती ६४ वर येते, अठरा घेतल्या तर ७७ च्या आसपास जाते. एका पत्त्याने सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो. पण हाच फरक दुसऱ्या बाजूने पाहिला तर वेगळाच दिसतो. चाळिसात एक लँड वाढवली की दहा पत्त्यांत सरासरी पाव लँड वाढते, म्हणजे चार डावांत मिळून एक जास्तीची. त्यामुळे दोन-चार डाव खेळून ‘सोळाच बरोबर होत्या’ म्हणणाऱ्याने काहीही सिद्ध केलेलं नसतं. सतरा लँड घेऊनही सुरुवातीच्या सात पत्त्यांत एकही लँड न येणं किंवा एकच येणं, हे दर दहा हातांत साधारण एकदा घडतंच. तिथे डेकाचा दोष नाही, पिसण्याचा आहे. आजच्या नियमात असा हात परत करून पुन्हा सात ओढायचे आणि त्यातला एक गड्डीच्या तळाशी ठेवायचा.

मग या डेकात सोळा का नकोत? सगळ्या पत्त्यांची सरासरी किंमत जेमतेम तीन माना आहे. शिवाय लॅनोवार एल्व्ह्ज स्वतः माना देतात आणि रेंजर गड्डीतून एक साधी लँड शोधून हातात आणतो. हे दोन पत्ते पाहून पुष्कळ जण एक लँड कमी करतील, आणि तो युक्तिवाद कच्चा नाही. पण एल्व्ह्जना लँड समजणं धोक्याचं आहे. एकच लँड असलेल्या हातात ते थोडीफार मदत करतात, पण समोरच्याने कुठलाही स्वस्त मंत्र टाकून त्यांना मारलं की तो माना गेला. लँड अशी सहजी मरत नाही. रेंजरला तर आधी तीन माना लागतात. लँडचा दुष्काळ असताना तो हातातच बसून राहतो. एल्व्ह्जना मी अर्धी लँड धरतो, रेंजरला त्याहून कमी.

दुसरं कारण जास्त मनाजोगतं आहे. हा डेक सतरावी लँड पचवू शकतो. लँड जास्त झाल्या आणि हातात स्पेल उरले नाहीत, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘फ्लड’ झाला, तरी ब्लाइंडिंग मेज दर पाळीला एक पांढरा माना घेऊन समोरच्याचा एक प्राणी आडवा करतो. व्हिजनरी येताना स्वतःच्या बदली एक पत्ता देऊन जाते. आणि ओव्हररन आला की पुढ्यातल्या सगळ्या फुटकळ प्राण्यांना त्या पाळीपुरते तीन-तीन वाढवून तो डाव एका फटक्यात संपवतो. उशिरा आलेल्या मानालाही इथे काम आहे. हे पत्ते नसते आणि पाचाचा रकाना रिकामा असता, तर मी बिनदिक्कत सोळा म्हटलं असतं. लँडची संख्या ठरवताना डेकाला कुठल्या पाळीपर्यंत जगायचं आहे, हे आधी वाचावं लागतं.

सगळ्यांत रसाळ प्रश्न मात्र रंगांचा आहे. सतरांपैकी हिरवा माना देणाऱ्या फॉरेस्ट किती आणि पांढरा देणाऱ्या प्लेन्स किती? पत्त्यांच्या कोपऱ्यातली रंगाची चिन्हं मोजली तर हिरवी सतरा भरतात आणि पांढरी अकरा. त्या प्रमाणात वाटणी केली तर दहा फॉरेस्ट, सात प्लेन्स. बहुतेक नवशिके इथेच थांबतात. पण हिरवी चिन्हं कुठे आहेत ते पाहा. त्यांतली तीन एकट्या ओव्हररनवर आहेत, दोन वर्मवर, दोन ट्रोलवर. म्हणजे बरीच चिन्हं अशा पत्त्यांवर आहेत, जे यायला वेळ लागला तरी चालतं. पांढरे पेगॅसस आणि पॅसिफिझम मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पाळीलाच हवेत. चिन्हं मोजताना ती कधी लागणार, तेही मोजलं पाहिजे. म्हणून नऊ फॉरेस्ट, आठ प्लेन्स. फॉरेस्ट नऊच्या खाली नेववत नाही, कारण पहिल्या पाळीला एल्व्ह्ज उतरवायचे तर फॉरेस्टच लागते.

याच गणिताने एक देखणा पत्ता बाहेर बसला आहे. व्हाइट नाइट दोन मानाचा, ताकदीने दोन-दोन, पहिला वार त्याचा, आणि काळ्या रंगापासून संरक्षित. पण त्याचे दोन्ही माना पांढरे लागतात. आठ प्लेन्सच्या डेकात आधी खेळताना दुसऱ्या पाळीपर्यंत किमान एक प्लेन्स पाहिलेली असण्याची शक्यता ८६ टक्के आहे, किमान दोन पाहिलेल्या असण्याची फक्त ५१. म्हणजे पेगॅसस बहुतेकदा वेळेवर येतो आणि नाइट नाणेफेकीवर अवलंबून. कोपऱ्यातलं एक चिन्ह जास्त, बाकी किंमत तीच, आणि एवढा फरक. नाइटला हातात घेऊन हळहळत परत ठेवणारा खेळाडू मला डेकाच्या या मांडणीत स्पष्ट दिसतो. अशा हिशेबांत फ्रँक कार्स्टन या डच खेळाडूने बरंच काम केलेलं आहे. एकाच रंगाचा दुहेरी माना लवकर हवा असेल तर त्या रंगाच्या लँड किती वाढवाव्या लागतात, ते त्याचे तक्ते पाहिले की धडकी भरते.

सेरा एंजललाही दोन पांढरे माना लागतात, मग ती आत कशी? कारण ती पाचव्या पाळीची आहे. तोवर पत्ते बरेच पाहिलेले असतात, आणि सातव्या पाळीला उतरली तरी चार-चारची उडणारी, हल्ला करूनही बचावाला मोकळी राहणारी एंजल डाव फिरवते. दुसऱ्या पाळीचा नाइट सातव्या पाळीला आला तर एरवी तो एक बारका प्राणीच.

एरवी, पण नेहमी नाही. तीन डावांच्या सामन्यात पहिल्या डावानंतर बाहेरचे पत्ते आत घेता येतात. समोरचा काळा डेक निघाला, त्याने डूम ब्लेडने आपले प्राणी कापले, तर नाइटचं मोल उशिराही टिकतं. त्याच्यावर काळा मंत्र नेम धरू शकत नाही आणि काळा प्राणी त्याला अडवू शकत नाही. अशा वेळी मी ओव्हररन काढतो, कारण समोरचा प्राणी मारत सुटला की वाढवायला पुढ्यात कुणी उरतच नाही. या एका अदलाबदलीने हिरवी चिन्हं सतरांवरून चौदांवर येतात आणि पांढरी अकरांवरून तेरांवर. दोन्ही रंग जवळजवळ समान झाले, तेव्हा एक फॉरेस्ट काढून नववी प्लेन्स घालावी का, यावर वाद होऊ शकतो. मी घालत नाही. एल्व्ह्ज अजून डेकात आहेत, आणि या सामन्यात नाइट चौथ्या पाळीला आला तरी माझी तक्रार नाही.