‘घर जाओ’ कुठे गेलं?

आज मुलाखत संपल्यानंतरच्या कामाबद्दल, म्हणजे ती उतरवून काढण्याबद्दल बोलायचं आहे. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

मुंबईत घरकाम करणाऱ्या बायकांशी आम्ही आजारपणाबद्दल बोलत होतो. एक बाई म्हणाल्या, ‘डॉक्टर बोलले, कुछ नहीं है, घर जाओ. मी आपली आले घरी. पण टेन्शनमध्ये रात्रभर झोप नाही.’ आम्ही लिहिलं: ‘काही झालेलं नाही, घरी जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी घरी परतले. पण तणावामुळे रात्रभर झोप लागली नाही.’ अर्थ बरोबर आहे, वाचायलाही बरं वाटतं. तरी यात दोन गोष्टी गेल्या.

पहिली, हिंदी. दुसऱ्याचं बोलणं सांगताना माणसं भाषा बदलतात, हे जॉन गंपर्झ यांनी १९८२च्या पुस्तकात नोंदवलं आहे. आमच्या मराठीकरणात हा बदलच पुसला गेला आणि विश्लेषणात त्या वाक्याला ‘वैद्यकीय सल्ला’ एवढंच लेबल लागलं. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, तेव्हा कळलं की त्यांच्या सांगण्यात सिस्टर मराठीत बोलते आणि तिला त्या उलट प्रश्नही विचारतात. डॉक्टर मात्र हिंदीत बोलतात, आणि तिथे बाई गप्प असतात. म्हणजे खरा मुद्दा ‘विचारता न येणं’ हा होता. पण जपून हं! यावरून डॉक्टर खरोखर हिंदीतच बोलले, असं सिद्ध होत नाही. बाईंनी तो आवाज हिंदीत ठेवला, एवढंच आपण म्हणू शकतो. बाकीचं त्यांनाच विचारायचं.

दुसरी, ‘टेन्शन’. ‘टेन्शनमध्ये’ याला मराठी प्रत्यय लागला आहे आणि हा शब्द बाईंच्या रोजच्या बोलण्यातला आहे. इथे भाषा बदलली, असं आम्ही धरत नाही. पण कुणी ‘काळजी’ म्हणालं, कुणी ‘जिवाला घोर’, आणि आम्ही सगळीकडे ‘तणाव’ लिहिलं. मग ‘तणाव’ किती वेळा आला ते मोजून काय कळणार? आमचाच शब्द आम्ही मोजत होतो.

आता आम्ही असं करतो. ऐकू येतं तसंच देवनागरीत लिहितो. भाषा बदलते तिथे चौकोनी कंसात खूण करतो: ‘डॉक्टर बोलले, [हिं] कुछ नहीं है, घर जाओ [म] मी आपली आले घरी.’ भाषांतर शेजारच्या वेगळ्या रकान्यात जातं, मूळ ओळीला हात लागत नाही. ‘टेन्शन’ आणि ‘टेंशन’ यांपैकी एकच रूप ठरवतो, नाहीतर शोधताना निम्मे सापडतच नाहीत. ‘काम’सारखा शब्द दोन्ही भाषांत आहे. तो एकटाच आला, तर खूण करत नाही.

याला वेळ जास्त लागतो. पण एलिनॉर ऑक्स यांनी १९७९मध्येच दाखवलं होतं की काय उतरवायचं हे ठरवण्यातच सिद्धांत येतो. आमचा सिद्धांत ‘शुद्ध मराठी’ हा होता, आणि तो आम्ही कुणाला विचारून ठरवला नव्हता.