सल्ला पटकथेआधी हवा

आपल्याकडच्या लघुपटांत अंध पात्र लगेच ओळखू येतं. काळा चष्मा, आभाळाकडे लागलेला चेहरा, आणि आधारासाठी धरावी तशी उभी धरलेली पांढरी काठी. चालण्याचं प्रशिक्षण घेतलेला अंध माणूस काठी अशी धरत नाही. हात शरीराच्या मध्याशी ठेवून तो काठीचं टोक खांद्यांपेक्षा जरा रुंद कमानीत डावी-उजवीकडे टेकवत जातो. उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक डावीकडे असतं, म्हणजे डावा पाय जिथे पडणार ती जागा आधीच तपासून झालेली असते. नटाला हे शिकवणारी माणसं आहेत, पण त्यांना बोलावलं जात नाही. बोलावलंच तर पटकथा पक्की झाल्यावर, आणि तेव्हा बदलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

सल्ला वेळेवर घेतला तर काय होतं, हे डग रोलँड या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘फीलिंग थ्रू’मध्ये दिसतं. 2021 साली हा लघुपट ऑस्करच्या नामांकनात होता. न्यूयॉर्कमध्ये रात्री रस्ता ओलांडण्यासाठी मदत मागणारा एक बधिरांध माणूस रोलँडला भेटला होता, आणि त्या भेटीवरून गोष्ट सुचली. मग तो हेलन केलर नॅशनल सेंटर या बधिरांधांच्या संस्थेकडे गेला. तिथल्या स्वयंपाकघरात काम करणारा रॉबर्ट टरँगो हा स्वतः बधिरांध असलेला माणूस आर्टी या बधिरांध पात्राच्या भूमिकेसाठी निवडला गेला. माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय हाच. बधिरांध माणूस संवाद कसा साधतो हे बाहेरून शिकून आणावं लागलं नाही, ते चित्रीकरणाच्या जागेवरच होतं.

त्याचा परिणाम एका कृतीत पाहता येतो. आर्टी आपलं म्हणणं वहीत लिहून दाखवतो. उत्तर देण्यासाठी टेरीक या बेघर तरुणाला आर्टीच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढावी लागतात. या पद्धतीत मोठी, सुटी अक्षरं एकामागून एक त्याच जागी काढायची असतात आणि शब्द संपला की थांबायचं असतं. त्यामुळे साध्या वाक्यालाही वेळ लागतो, आणि लघुपट तो वेळ देतो. घाईत कापाकापी केली असती तर दोघांमधली ओळख वाढताना दिसलीच नसती. तपशिलाने दृश्याची लय ठरवली.

मात्र हे दृश्य उचलून मराठी लघुपटात ठेवता येणार नाही. रोमन अक्षरं सुटी असतात. देवनागरीत वेलांट्या, उकार, जोडाक्षरं येतात. ‘स्टेशन’ हा शब्द तळहातावर कसा काढायचा? शिवाय अमेरिकन खुणांची वर्णमाला एका हाताची आहे, तर भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात. कोण काय वापरतं हे माणसागणिक बदलतं: जन्मापासून बहिरा असून पुढे दृष्टी गेलेला माणूस बोलणाऱ्याच्या हातांवर हात ठेवून खुणा वाचू शकतो, तर आधी अंध असून नंतर बहिरा झालेल्याला ब्रेल जवळची वाटेल. मुंबईत 1977 पासून मूकबधिर आणि बधिरांधांसाठीची हेलन केलर संस्था आहे, तेव्हा विचारायला जागा नाही असं नाही. पण एकाच माणसाला विचारून सगळ्यांचं कळलं असं धरू नये, आणि पालकांचं किंवा शिक्षकांचं मत त्या व्यक्तीच्या मताच्या जागी वापरू नये.

‘फीलिंग थ्रू’ला एक मर्यादाही आहे. गोष्ट टेरीकच्या डोळ्यांनी उलगडते. आर्टीला भेटून तो बदलतो, आणि आर्टीचं त्या रात्रीनंतरचं आयुष्य आपल्याला कळत नाही. 2018 साली ऑस्कर मिळालेल्या ‘द सायलेंट चाइल्ड’मध्ये बहिऱ्या मुलीची भूमिका मेसी स्लाय या बहिऱ्या मुलीनेच केली आणि ती विलक्षण आहे, तरी गोष्टीची धुरा तिला खुणा शिकवणाऱ्या ऐकू येणाऱ्या बाईकडेच राहते. अचूक तपशील पात्राला खरं करतो, पण गोष्ट कोणाची हा प्रश्न त्याने सुटत नाही. मराठीत पूर्ण लांबीच्या ‘यलो’ने (2014) डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ हिची गोष्ट तिलाच मध्यभागी ठेवून सांगितली, आणि पडद्यावरही तीच उभी राहिली.

जुलै 2024 मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. त्यात अपंगांच्या संघटनांना सोबत घेऊन काम करण्याचा मुद्दा आहे. लघुपट करणाऱ्यांना माझी विनंती आहे की पहिला खर्डा लिहिण्याआधी ज्यांची गोष्ट सांगायची त्या माणसांना भेटा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि संकलन झालेली प्रत त्यांना पुन्हा दाखवा. त्यांनी एखादं दृश्य काढायला सांगितलं, तर ते काढण्याची तयारी ठेवूनच जा.