कपाटातल्या उन्हाळ्याची रोजनिशी

हार्ड डिस्क स्वतःच्या तापमानाची रोजनिशी लिहीत असते. नॅस वापरणारे बहुतेक जण ती कधी उघडत नाहीत. ते पडद्यावर फक्त आत्ताचा आकडा बघतात, ५६ अंश, आणि घाबरतात किंवा दुर्लक्ष करतात. खरा मजकूर त्या एका आकड्यामागे दडलेल्या ओळींत आहे, आणि उन्हाळ्यात तो वाचण्यासारखा असतो. उघडायला एक आज्ञा पुरते.

```
smartctl -l scttemp /dev/sda
```

नागपुरातल्या एका घरातली, नवतप्यातली रोजनिशी घेऊ. चार डिस्कची पेटी, भिंतीतल्या प्लायवूडच्या कपाटात, दारं बंद. खोलीत दुपारी ३६ अंश, कूलर हॉलमध्ये. आलेखाच्या आधी डिस्क आपली प्रस्तावना देते:

```
Temperature Logging Interval:         1 minute
Min/Max recommended Temperature:      0/65 Celsius
Min/Max Temperature Limit:          -41/85 Celsius
Temperature History Size (Index):   478 (211)
```

शेवटची ओळ आधी वाचावी. वहीत ४७८ नोंदी मावतात आणि दर मिनिटाला एक पडते. म्हणजे आठ तासांपूर्वीचं सगळं पुसलं गेलेलं असतं. रात्री अकराला वही उघडली तर दुपारचा बहुतेक चढ त्यात नसतोच. नोंदीचं अंतर तीन मिनिटांचं केलं, की तीच वही जवळजवळ बरोबर एका दिवसाची होते.

```
smartctl -l scttempint,3,p /dev/sda
```

ही आज्ञा जुन्या नोंदी पुसून टाकते, म्हणून आधीची वही जपून ठेवायची असेल तर ती अगोदर उतरवून घ्यावी.

आता ६५ चा आकडा. डब्ल्यूडी रेड प्लसच्या माहितीपत्रकातही चालू डिस्कसाठी ० ते ६५ हीच मर्यादा आहे, आणि ती डिस्कच्या धातूच्या अंगाची आहे, भोवतीच्या हवेची नाही. ५६ वाचून 'अजून ९ अंश बाकी आहेत' असं वाटतं. पण डिस्क ज्या पेटीत बसली आहे तिचीही एक मर्यादा आहे. सायनॉलॉजीच्या घरगुती पेट्यांच्या तपशिलात चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं, आणि ते भोवतीच्या हवेचं आहे. कपाटात ठेवलेल्या पेटीच्या भोवतीची हवा म्हणजे खोलीतली हवा नव्हे, कपाटातली. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले की अर्थ पालटतो. हीच पेटी टेबलावर मोकळी ठेवली तेव्हा डिस्क खोलीपेक्षा सुमारे १० अंश गरम राहत होत्या. कपाटात त्या २० अंश गरम आहेत. वरचे १० अंश कपाटाचे. म्हणजे पेटी ओढून घेते ती हवा ४६ अंशांची आहे. डिस्कची मर्यादा शिल्लक आहे, पेटीची कधीच ओलांडली गेली आहे, आणि पडद्यावर त्याची एकही सूचना नाही.

आता आलेख. प्रत्येक ओळीत वेळ, तापमान आणि तारकांची रांग. १९ अंशांपलीकडच्या प्रत्येक अंशाला एक तारका. कागद लांबून धरला तर दोन वेगळी वळणं दिसतात. पहाटे दोनला बॅकअप सुरू होतो तेव्हा रांग झपकन तीन अंशांनी लांबते, तासाभरात स्थिर होते आणि काम संपलं की परत येते. हा डिस्कच्या स्वतःच्या कष्टांचा चढ, त्यात काळजीचं काही नाही. दुसरं वळण सकाळी नऊपासून सुरू होतं. डिस्क जवळपास रिकाम्या बसलेल्या, तरी दर तासाला अंश-दीड अंश वाढ, संध्याकाळी पाचपर्यंत, कुठेही सपाटी नाही. खोली चढते तिच्यापेक्षा हा चढ जास्त आहे. इथे डिस्क बोलत नाही, कपाट बोलतं.

त्याचं कारण पेटीच्या पाठीमागे सापडतं. पंखा समोरून हवा ओढतो, डिस्कच्या फटींतून नेतो आणि मागे फेकतो. मागे फळी चार बोटांवर. गरम हवेला जायला वाट नाही, म्हणून ती पेटीच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुन्हा समोर येते आणि पंखा तीच परत ओढतो. याची परीक्षा सोपी आणि फार देखणी आहे. आधी पंखा पूर्ण वेगाने लावून पाहिला, तर अर्ध्या तासात ५६ चे ५४ झाले, बस. मग पंखा पूर्ववत केला, आकडा परत ५६ वर येऊ दिला आणि फक्त दार उघडलं.

```
 401    2025-05-28 16:12    56  *************************************
 402    2025-05-28 16:15    54  ***********************************
 403    2025-05-28 16:18    53  **********************************
 404    2025-05-28 16:21    52  *********************************
```

पाऊण तासात ४७. पंखा वाढवून दोन अंश आणि दार उघडून नऊ, यातच निदान आहे: हवा कमी नव्हती, शिळी होती. उलट घडलं असतं, म्हणजे दाराने फरक न पडता पंख्याने पडला असता, तर दोष पेटीच्या आत, धुळीने बुजलेल्या जाळीत किंवा मंदावलेल्या पंख्यात शोधावा लागला असता.

किती हवा पुरेल? चार डिस्कची अशी पेटी कामात असताना साधारण ३५ वॅट उष्णता सोडते. ही उष्णता वाहून नेताना हवा ४ अंशांपेक्षा जास्त तापू नये असं ठरवलं तर तासाला २७-२८ घनमीटर हवा लागते. १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्यावर त्याच्या तिप्पट आकडा छापलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला. जाळी आणि कोपरे आडवे आले की तिसरा हिस्सा हाती लागला तरी समाधान मानावं. इथे तो हिशेब बरोबर बसतो. म्हणून सुताराकडून मागच्या फळीत वरच्या अंगाला पंख्याएवढं भोक, त्यात बाहेर फेकणारा पंखा, आणि दाराच्या खालच्या पट्टीत निदान तेवढ्याच क्षेत्रफळाची जाळी. कपाट भिंतीला चिकटून असेल तर मागचं भोक निरुपयोगी. मग तेच भोक बाजूच्या फळीत किंवा छतात.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग पंखा नव्हे, पुठ्ठा. पेटीच्या दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या फटीत जाड पुठ्ठा किंवा फोम घट्ट बसवला, की कपाटाचे दोन कप्पे होतात, समोर थंड आणि मागे गरम. वळसाच बंद होतो. हे न करता नुसता पंखा लावला तर तो दाराच्या वरच्या फटीतून आलेली हवा थेट बाहेर फेकतो आणि पेटीसमोरची हवा तशीच राहते. पुठ्ठा आणि पंखा दोन्ही बसल्यावर त्याच ३६ अंशांच्या खोलीत पेटीसमोर ३९ आणि डिस्क ४९. मधल्या दोन डिस्क कडेच्या डिस्कपेक्षा दोन-तीन अंश वर राहतातच. त्यांना शेजार दोन्हीकडून गरम आहे.

४९ आणखी खाली आणण्यासाठी धडपडावं का? गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मध्यम तापमानात उष्णता आणि बिघाड यांचं सरळ नातं दिसलं नव्हतं. फरक दिसला तो खूप तापलेल्या आणि काही वर्षं जुन्या झालेल्या डिस्कमध्ये. म्हणून ४९ चे ४५ करण्यासाठी आणखी गोंगाट विकत घेऊ नये. ५६ वरून चढतच राहणारी रांग मात्र मोडायलाच हवी होती.

खोलीच्या तापमानाखाली मात्र कोणताही पंखा नेऊ शकत नाही. वीज गेली, कूलर थांबला आणि खोलीच ४१ वर गेली, तर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पेटीसमोर ४४ अंश येणार. अशा दिवसांत पेटी दुपारी बारा ते सहा बंद ठेवण्याची वेळ तिच्या वीज-वेळापत्रकात लावावी, आणि डेटा स्क्रबिंगसारखं तासन्‌तास चालणारं काम पहाटे चारला हलवावं किंवा पाऊस पडेपर्यंत थांबवावं.