रेघ कोणाची, शून्य कोणाचे?
शालेय संगीताच्या प्रश्नपत्रिकेतील स्वरलेखनाविषयी

पारोळ्याला आत्याच्या घरी माळ्यावरून पितळी भांडी काढताना तिची संगीताची जुनी वही सापडली. लग्नापूर्वी ती गाणे शिकत असे, त्या वेळची. माझी भाची सातवीत आहे आणि शाळेतल्या संगीताच्या तासाबरोबरच पेटी वाजवते. तिने वही उघडली, मथळा वाचला ‘राग भूप’, आणि पेटी पुढे ओढून आरोह वाजवू लागली. दोन-तीन स्वरांतच आत्या आतून ओरडली, “अगं, हा भूप नव्हे!” ऐकू येत होता तो भूपालतोडी. कोमल रिषभ, कोमल गंधार, पंचम, कोमल धैवत. सकाळच्या वेळेला शोभणारा, पण वहीवर लिहिलेला नक्कीच नव्हे.

मुलगी चुकली नव्हती. वहीतल्या प्रत्येक स्वराखाली आडवी रेघ होती, आणि शाळेत तिला ‘खाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर’ असे शिकवले होते. ते खरेच आहे, पण पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत. आत्याची वही पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीची होती. तिथे स्वराखालची आडवी रेघ स्वराचा चढउतार सांगतच नाही. ती सांगते काळ: हा स्वर एक मात्रा टिकवायचा. कोमल दाखवायचा असेल तर पलुस्कर स्वराला हलन्ताची तिरकी रेघ देतात.

दोन्ही विष्णूंचा काळ जवळपास एकच. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंडे मुंबईत वकिली सोडून घराण्यांच्या चिजा जमवत आणि त्या क्रमिक पुस्तक मालिकेतून छापत होते. दोघांनाही हवे होते ते हेच, की गुरूसमोर न बसलेल्यालाही कागदावरून चीज कळावी. मात्र ज्या मोजक्या खुणा देवनागरी अक्षराभोवती सहज बसतात, त्याच दोघांनी उचलल्या आणि त्यांना वेगवेगळी कामे दिली. अक्षरावरचा टिंब भातखंड्यांकडे तार सप्तक सांगतो, पलुस्करांकडे मंद्र. उभी रेघ भातखंड्यांकडे मध्यमावर आली तर तो तीव्र; पलुस्करांकडे ती कुठल्याही स्वरावर आली तर तार सप्तक. समेला भातखंडे फुली देतात, पलुस्कर १ आकडा. खालीला भातखंडे शून्य देतात, पलुस्कर अधिकचे चिन्ह.

आता वहीतली पुढची ओळ पाहा. सरगमीतला त्रितालाचा एक खंड, चार मात्रांचा, स्वर सहा: ग, रे ग, प, ध प. पहिल्या गंधाराखाली रेघ, म्हणजे एक मात्रा. मग रे आणि ग या दोघांखाली शून्य. पलुस्करांकडे शून्य म्हणजे अर्धी मात्रा, तेव्हा दोघांची मिळून एक. पंचमाखाली रेघ, एक. शेवटी ध आणि प पुन्हा शून्यांवर, एक. एकूण चार, हिशेब चोख. भाचीने मात्र शून्य पाहताच हात हवेत फिरवला, कारण तिच्या पुस्तकात शून्य म्हणजे खाली. एका खंडात तिला चार खाली सापडल्या. शिवाय पहिला गंधार तिने कोमल वाजवला आणि तिसऱ्या जागेवरचा शुद्ध, कारण त्याच्याखाली रेघ नव्हती.

हाच खंड भातखंडे लिहितात तेव्हा काळासाठी वेगळी खूणच फारशी लागत नाही. एका मात्रेत जेवढे स्वर बसतात ते जवळ लिहून त्यांच्याखाली कंस काढतात. स्वर लांबवायचा असेल तर पुढे आडवी रेघ मारतात. काळ चिन्हात नसतो, कागदावरच्या जागेत असतो. छपाईला हे सोपे, म्हणून आज पुस्तकांत बहुधा हेच दिसते. पलुस्करांचे लेखन छापायला जड. पण प्रत्येक स्वराचा काळ त्या स्वराशीच बांधलेला असल्याने, जागा थोडी इकडेतिकडे सरकली तरी हिशेब बिघडत नाही, हा त्याचा गुण मला मोठा वाटतो. पाश्चात्त्य लेखनात स्वराची उंची पाच रेघांवरच्या स्थानावरून कळते आणि काळ आकृतीवरून, म्हणजे गोल पोकळ की भरीव, दांडी आहे की नाही, यावरून. दोन कामांना दोन वेगळी साधने असल्याने तिथे असा घोळ सहसा होत नाही.

माझी तक्रार दोन पद्धती असण्याबद्दल नाही. तक्रार आहे ती शालेय वर्गात दिल्या जाणाऱ्या प्रश्नांबद्दल. माझ्यापुढे अशी एक प्रश्नपत्रिका आहे (शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, अशा अनेक पाहिल्या आहेत). तीत प्रश्न आहे: ‘स्वराखालील आडवी रेघ काय दर्शवते?’ दुसरा: ‘शून्य हे चिन्ह कशासाठी वापरतात?’ पद्धतीचे नाव कुठेही नाही. ज्या मुलाने घरी आजोबांच्या पुस्तकातून शिकून ‘एक मात्रा’ आणि ‘अर्धी मात्रा’ लिहिले, त्याचे दोन्ही गुण गेले. उत्तर बरोबर होते. प्रश्नच अर्धा होता. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या वरच्या परीक्षांत दोन्ही पद्धती विचारतात, पण नाव घेऊन. शाळेत मूल पहिल्यांदा खुणा शिकते, आणि नेमक्या तिथेच नाव गाळले जाते.

खरे तर पान कोणाचे हे पानच सांगते. षड्ज आणि पंचम अचल आहेत, त्यांना कोमल नसतो. तेव्हा सा किंवा प यांच्याखाली आडवी रेघ दिसली की ती कोमलाची असूच शकत नाही, पान पलुस्करांचे. आत्याच्या वहीत पहिल्याच ओळीत सा-खाली रेघ होती. भाचीने ती पाहिली होती. “शाईचा डाग असेल” म्हणून सोडून दिली. टिंबाचेही तसेच. भूपात सा-रे-सा करून खाली मंद्र धैवतावर यायचे असते. टिंब उलटा वाचला तर गाणारा षड्जावरून एकदम वर तार धैवतावर उडी मारतो. गळ्याला ती पेलत नाही, आणि तेव्हाच शंका यायला हवी. मुलांना एखादे पान देऊन ‘ही कोणती पद्धत, आणि कशावरून?’ असे विचारले तर चिन्हांचे पाठांतर नाही, वाचन तपासले जाईल.

थाटाचा प्रश्न याहून अवघड. ‘भूप कोणत्या थाटातला?’ उत्तर: कल्याण. ‘देसकार?’ बिलावल. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. कल्याण आणि बिलावल यांच्यात फरक एकट्या मध्यमाचा, पहिल्यात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही! म्हणजे स्वरांवरून हे उत्तर कोणालाही काढता येणार नाही. ते ठरते रागाच्या चालीवरून: भूपाचा वादी गंधार, त्याचा जीव पूर्वांगात; देसकाराचा वादी धैवत, तो उत्तरांगात खेळतो. भातखंड्यांच्या दहा थाटांत रागांची मांडणी केवळ स्वरांची बेरीज करून झालेली नाही, हे इथे उघडे पडते. तरीही प्रश्नपत्रिका ‘जोड्या लावा’ म्हणून भूप एका बाजूला आणि कल्याण दुसऱ्या बाजूला ठेवते, जणू तो स्वरांचा हिशेब आहे. भाचीने मला विचारले, “मामा, मध्यम नसताना कल्याण कसा?” तिला पाठ्यपुस्तकात याचे उत्तर सापडले नव्हते. मी देसकार आणि भूप एकापाठोपाठ गुणगुणून दाखवले, गळा असा तसाच. तिने दोन्ही वेळा बोटे पेटीवर ठेवली. पट्ट्या त्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने आत्याच्या वहीच्या पहिल्या पानावर, पेन्सिलीने, कोपऱ्यात लिहिले: ‘पलुस्कर. रेघ = एक मात्रा.’ आत्या म्हणाली, “आता माझी वही कोणालाही वाचता येईल.” मग तिने तोच आरोह पुन्हा वाजवायला सांगितला, आणि या वेळी आतून ओरडली नाही.