एक आकडा, दोन रकाने

विरार पश्चिमेच्या एका सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरचं स्कॅन केलेलं एक पान समोर आहे. नाव, फ्लॅट, काम, आत, बाहेर असे पट्टीने आखलेले रकाने. नाव येणाऱ्याच्या हातचं, आतली वेळही बहुधा त्याचीच. बाहेरची वेळ मात्र वॉचमन टाकतो, कधी मराठी आकड्यांत, कधी इंग्रजी, कधी एकाच वेळेत दोन्ही. पानाची खरी गोडी या मिसळलेल्या हातांत आहे.

सातवी ओळ प्लंबरची. आतल्या वेळेत आधी वर गाठ आणि खाली शेपूट असलेलं एक चिन्ह, पुढे .05. हे चिन्ह मराठी १ आहे की इंग्रजी 9? वरच्या ओळीत सकाळचे 8.50 आहेत, खालच्या ओळीत 9.20. माणसं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने ओळी भरल्या गेल्या, म्हणून इथे 9.05 निर्धास्तपणे वाचता येतं.

त्याच ओळीत बाहेरच्या रकान्यात तेच चिन्ह, पुढे .40. इथे शेजार कामाला येत नाही, कारण माणसं आली त्या क्रमाने जात नाहीत. नळ बदलून 9.40 ला निघाला असेल, किंवा टाकीचं काम करून दुपारी 1.40 ला. वॉचमनचं अक्षर ताडून पाहावं, तर तो या पानावर दोन्ही प्रकारचे आकडे लिहितो. मग नोंद अशी होते:

```
page,line,in_raw,in,out_raw,out,flag
42,7,[१/9].05,09:05,[१/9].40,,out_ambiguous
```

जसं लिहिलं तसं एका रकान्यात, जे वाचलं ते दुसऱ्यात. उलगडलं नाही तिथे रकाना रिकामा आणि खूण. अंदाजाने 09:40 भरलं की ती शंका कायमची पुसली जाते.

कामाच्या रकान्यात ‘पाणी’ दोनदा आहे. एका ठिकाणी फ्लॅट नंबर आहे, म्हणजे बाटला पोचवणारा. दुसऱ्या ठिकाणी फ्लॅट कोरा आणि एमएच ४८ ने सुरू होणारा गाडी नंबर, म्हणजे टँकर. शब्द तोच ठेवायचा, प्रकार वेगळ्या रकान्यात.

नावाला मात्र असा आधार कुठलाच नाही. अकराव्या ओळीत ‘डिमे’ वाचता येतं, पुढे शाई फिसकटली आहे. वसईत डिमेलो पुष्कळ, त्यामुळे हात आपोआप ‘लो’ लिहायला जातो. तो आवरायचा. गावात एक आडनाव जास्त असणं म्हणजे त्याच आडनावाचा माणूस त्या दिवशी गेटवर आला होता, असं नव्हे. ‘डिमे[..]’ लिहून खूण करायची.

खुणेजवळ पान आणि ओळ असल्यामुळे मूळ रजिस्टर उघडता येतं. बॉलपेन दाबून लिहिलं असेल तर तिरप्या उजेडात कागदावरचे वळ दिसतात, सपाट स्कॅनमध्ये ते सहसा येत नाहीत. तिथे अक्षर सापडलं तर नाव पुरं करायचं आणि ते मूळ कागदावरून वाचल्याची नोंद शेजारी ठेवायची.