साभार परत, पण कशासाठी?

‘सत्यकथे’च्या श्री. पु. भागवतांची आणि राम पटवर्धनांची कथा परत करतानाची पत्रं आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं, पण अशा पत्रात समीक्षा म्हणून नेमकं काय घडतं, हा प्रश्न अजून आहेच. आज तेवढंच पाहू.

एक कथा कल्पून घेऊ. आई गावाहून ठाण्याला मुलाकडे राहायला येते. दुकानातून आणलेले, निवडलेले तांदूळ ती रोज दुपारी पुन्हा निवडायला बसते. सून बघते, बोलत काहीच नाही. शेवटच्या पानावर आई खिडकीशी उभी राहून शहरातल्या एकटेपणावर विचार करते, आणि त्याच रात्री जाते.

संपादक लिहितो: “कथा घेता येत नाही. पाचव्या पानावर आई तांदूळ निवडायला बसली, तिथे मला तिचं एकटेपण कळलं. शेवटी तेच तुम्ही मला समजावून सांगता, तेव्हा मी कथेबाहेर पडलो. मृत्यू तर कथा संपवायला आल्यासारखा वाटला. सून रोज बघते; तिला काय दिसतं? पुन्हा लिहिलीत तर जरूर पाठवा.”

आता बघा, नकार पहिल्याच वाक्यात आहे. ‘आशयगर्भ, तथापि...’ असल्या भानगडीत लेखकाला आपली कथा घेतली की नाही हेच कळत नाही. उत्तेजनही इथे ‘लिहीत राहा’ असं मोघम नाही. पान पाचवं, तांदूळ, असं बोट ठेवलेलं आहे. ते पान उघडून लेखकाला स्वतः तपासता येतं.

कांट म्हणतो की सौंदर्याचा निर्णय नियमातून सिद्ध करता येत नाही, तरी सगळ्यांनी तो मान्य करावा अशी आपली अपेक्षा असते. मग संपादकाने कारण द्यायचं कसं? आर्नल्ड आयझेनबर्गने १९४९च्या एका निबंधात याला उत्तर दिलं: समीक्षक कारण देतो म्हणजे आपल्याला एका जागी बघायला लावतो. ‘शेवट प्रभावी नाही’ हा नुसता निकाल झाला; ‘तिथे मी बाहेर पडलो’ म्हटलं की लेखक त्या जागी जाऊन बघतो. पटलं नाही तर सोडूनही देतो, आणि तो त्याचा हक्कच आहे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सुनेबद्दलचा प्रश्न, आणि धोकाही त्यातच आहे. ‘शेवट सुनेच्या नजरेतून करा’ असं लिहिलं असतं, तर संपादकाने स्वतःचीच कथा दुसऱ्याकडून लिहून घेतली असती. पण प्रश्न म्हणून विचारला तरी नवखा लेखक तो हुकूम समजतो, आपल्याकडे तर फारच. दुसऱ्या खर्ड्यात ते कळतं. सून आता पानभर बोलते, मृत्यू गेलेला असतो, पत्रातली सगळी कामं झालेली असतात आणि पाचव्या पानावरचे तांदूळ मात्र दोन ओळींत उरकलेले असतात. असा आज्ञाधारक खर्डा आला, तर संपादकाला तोही परत करावा लागतो, आणि हे दुसरं पत्र लिहिणं पहिल्यापेक्षा अवघड.