पथदर्शी प्रयोगात नेमकं काय यशस्वी झालं?

एखादा पथदर्शी प्रयोग यशस्वी झाला की 'आता सर्व शाळांत' असा आदेश निघतो. 'प्रथम' या संस्थेच्या वाचन-गणिताच्या कार्यक्रमाची कहाणी या बाबतीत तपासून पाहण्यासारखी आहे. इयत्तेचा अभ्यासक्रम बाजूला ठेवायचा आणि मूल अक्षर, शब्द, परिच्छेद यांपैकी जिथं अडलं असेल तिथून शिकवायचं, ही त्यातली मूळ कल्पना. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात वस्तीतल्या तरुणी 'बालसखी' म्हणून मागे पडलेल्या मुलांना शिकवत. कोणत्या वर्गाला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. त्यामुळे बालसखी नसलेल्या वर्गांशी तुलना करता आली, आणि फायदा स्पष्ट दिसला.

पण यातून सिद्ध काय झालं? बालसखीला जमतं, एवढंच. सरकारी शिक्षकाला आपल्या वेळापत्रकात हे जमेल का, हा वेगळाच प्रश्न.

तो प्रश्न बिहारमध्ये विचारला गेला. जून २००८ मध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरं घेतली. महिनाभरातच मुलांची प्रगती दिसली. पुढे शाळा सुरू झाल्यावर गावांचे गट पाडले. काही ठिकाणी फक्त साहित्य, काही ठिकाणी साहित्य आणि प्रशिक्षण, काही ठिकाणी त्यांच्या जोडीला स्वयंसेवक. पहिल्या दोन गटांत परिणाम जवळजवळ शून्य! फरक पडला तो फक्त स्वयंसेवक असलेल्या गटात, आणि ते बहुतेक शाळेच्या वेळेबाहेर शिकवत होते.

शिबिरात ज्यांना जमलं त्या सरकारी शिक्षकांना शाळेत का जमू नये? शिबिरात अभ्यासक्रम संपवायचा नव्हता. शाळेत मात्र पाठ्यपुस्तक पुरं करायचं होतं, आणि मुलं पातळीनुसार क्वचितच बसवली गेली. म्हणजे पद्धत हरली असं म्हणता येत नाही. ती वर्गात पोचलीच नव्हती.

इथं माझा आक्षेप यशाच्या मापावर आहे. निव्वळ वर्षअखेरची चाचणी घेतली, तर 'पद्धत चुकीची' आणि 'पद्धत वापरलीच नाही' यांत फरक करता येत नाही. न सांगता भेट दिलेल्या शाळांपैकी किती ठिकाणी मुलं पातळीनुसार बसली होती, हे दुसरं माप हवं. शिवाय किती शाळांखाली हा आकडा गेला तर विस्तार थांबवायचा, हे प्रयोगाआधीच लिहून ठेवायला हवं. निकाल हाती आल्यावर ठरवलेली मर्यादा बहुधा निकालाला जुळतेच.

बिहारचा धडा हरियाणात वापरला गेला. २०१२-१३ मध्ये तिथं शाळेच्या दिवसात यासाठी वेगळा तास ठेवला, त्या तासापुरती इयत्तेऐवजी पातळी धरली आणि शाळांना भेटी देणाऱ्या सरकारी पर्यवेक्षकांनाच आधी ही पद्धत शिकवली. हिंदी वाचन सुधारलं. मात्र इथंही यश आलं ते पद्धत, राखीव तास आणि पर्यवेक्षक या तिघांना मिळून. उद्या पर्यवेक्षक निवडणुकीच्या कामाला गेले (आणि ते जातातच), तर तो तास किती दिवस टिकतो, हे त्या निकालावरून कळत नाही. त्यासाठी काही शाळांतून पर्यवेक्षण मुद्दाम काढून पाहावं लागेल.